लिंक्डइनचं अबाउट ‘मी’ म्हणून कसं लिहायचं? दहा-पंधरा वर्षं झालेल्या इंजिनिअरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरचा, मेंटेनन्समध्ये सुरुवात केली आणि आता गेली काही वर्षं भरतीच्या वेळी समोरच्या खुर्चीत बसतो, त्यामुळे लिंक्डइनवरची प्रोफाइलं भरपूर वाचून झालीत. चिंचोळी एमआयडीसी, अक्कलकोट रोड, इकडून पुण्याला गेलेली मंडळी, सगळ्यांची. माणसं कामाला पक्की असतात आणि अबाउटमध्ये मात्र स्वतःचं काहीच नसतं. ओळखीतले लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहिलेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलंय, टॉवेलच्या युनिटमधल्या एका मित्राचं, त्याला विचारूनच घेतलंय.

अबाउट ‘मी’ असंच लिहायचं का? ‘एक अनुभवी अभियंता’ असं लिहिलं तर काय बिघडतं?

‘मी’ असंच लिहायचं. पान तुमचं, फोटो तुमचा, वर नाव तुमचं, आणि खाली ‘ते गेली तेरा वर्षे मेंटेनन्स क्षेत्रात कार्यरत असून’ असं आलं की वाचणाऱ्याला वाटतं हे दुसऱ्या कोणीतरी सत्काराच्या कार्यक्रमासाठी लिहून दिलंय. पाहुण्याची ओळख करून देताना ते चालतं, कारण तिथे बोलणारा खरंच दुसरा असतो.

दुसरा प्रकार जास्त दिसतो, तो म्हणजे कर्ताच गायब. बायोडाटात आपण ‘रिस्पॉन्सिबल फॉर प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ असं लिहितो ना, तेच उचलून अबाउटमध्ये टाकतात. मराठीत लिहिणारे ‘करण्यात आले’, ‘राबविण्यात आले’ असं लिहितात, ही सवय आपल्याला ऑडिट रिपोर्ट आणि ब्रेकडाउन रिपोर्ट लिहून लिहून लागलेली आहे. रिपोर्टमध्ये ते बरोबरच आहे, तिथे माणूस महत्त्वाचा नसतो, मशीन महत्त्वाचं असतं. पण अबाउट वाचणाऱ्याला नेमकं तेच शोधायचं असतं की यातलं या माणसाने काय केलं. ‘बेअरिंग बदलण्यात आले’ यावरून मला कळतच नाही की तुम्ही बदललं, बदलायला सांगितलं, का बदलायची गरज आहे हे आधी तुमच्या लक्षात आलं. तिन्ही कामं वेगळी आणि तिन्हीचा पगारही वेगळा.

पण सारखं मी मी केलं की बढाई वाटत नाही का? काम तर टीमचं असतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मनापासून येतो. आपल्याकडे घरातच शिकवलेलं असतं की स्वतःच्या तोंडाने स्वतःचं सांगू नये, त्यामुळे ‘मी केलं’ म्हणायला जीभ वळत नाही आणि सगळीकडे ‘आम्ही’ येतं.

मी एक साधी रीत वापरतो. प्रत्येक वाक्याचं क्रियापद बघायचं आणि विचारायचं, त्या दिवशी मी सुट्टीवर असतो तर हे झालं असतं का? झालं असतं तर तिथे ‘आम्ही’ लिहायचं. झालं नसतं तर ‘मी’ लिहायचं, आणि न लाजता लिहायचं, कारण ते खरं आहे. ‘आम्ही सत्तरएक गळत्या बंद केल्या’ हे आम्ही, कारण स्पॅनर फिटरच्या हातात होता. ‘कॉम्प्रेसर घेण्याआधी टेस्ट करू असं मी सुचवलं’ हे मी, कारण ते दुसरं कोणी सुचवलं नव्हतं.

सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत आपली क्रियापदं हाताची असतात: बसवलं, बदललं, जोडलं. दहा-बारा वर्षांनी ती बदलतात, शोधलं, ठरवलं, थांबवलं, शिकवलं, कधी कधी नको म्हटलं. मधल्या टप्प्यावरच्या इंजिनिअरचं अबाउट फसतं ते इथेच, कारण माणूस अजून हाताच्याच क्रियापदांत स्वतःला मोजतो आणि मग वाटतं की ‘हल्ली मी स्वतः काही करत नाही, लिहू काय?’ निर्णय घेणं हे काम आहे, ते लिहा.

बढाई कुठे येते माहितीये? विशेषणांत येते. ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट ओरिएंटेड’, ‘पॅशनेट’ ही बढाई, कारण ती कोणी तपासू शकत नाही. ‘मी चार आठवडे मागून घेतले’ हे साधं वाक्य आहे, तपासता येतं, त्यात बढाई नाही.

तेरा वर्षांत इतकं काम झालंय, त्यातलं काय घ्यायचं?

एकच प्रसंग घ्या आणि तो नीट सांगा. बाकीचं एक्सपिरियन्सच्या भागात असतंच, ते इथे परत लिहायचं नाही.

आता मित्राचं सांगतो. टेरी टॉवेलचं युनिट, २४ एअरजेट लूम, तीन स्क्रू कॉम्प्रेसर, आणि हा तिथे मेंटेनन्सचा प्रमुख. त्याचं आधीचं अबाउट असं होतं: ‘रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल विथ थर्टीन प्लस इयर्स ऑफ एक्सपिरियन्स इन मेंटेनन्स, युटिलिटी, मॅनपॉवर हँडलिंग, कॉस्ट रिडक्शन, फाइव्ह एस, कायझेन.’ नाव झाकलं तर हे कोणाचंही आहे, सिमेंटवाल्याचं पण आणि साखर कारखान्यातल्याचं पण.

मी त्याला बसवलं आणि एकच विचारलं, असा एक दिवस सांग की ज्या दिवशी तू नसतास तर कंपनीचे पैसे गेले असते. तो लगेच म्हणाला, ‘तो कॉम्प्रेसरचा विषय.’ आणि मग अर्धा तास बोलला.

झालं असं होतं की हवेचं प्रेशर पुरत नव्हतं. एअरजेट लूममध्ये आडवा धागा हवेच्या झोताने पलीकडे जातो, प्रेशर पडलं की धागा मध्येच अडकतो आणि लूम थांबतं. तिन्ही कॉम्प्रेसर चालू ठेवूनही हेच, म्हणून चौथा कॉम्प्रेसर घ्यायचं जवळपास ठरलं होतं, कोटेशनं आली होती. याने मालकांना सांगितलं, मला चार आठवडे द्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी लूम बंद, पण लूमकडे जाणारे व्हॉल्व्ह मुद्दाम उघडेच ठेवले, कारण ते बंद केले असते तर लूमच्या आतली गळती मोजलीच गेली नसती. मग एकच कॉम्प्रेसर चालवला आणि घड्याळ लावून बसला. कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर राहतो आणि किती वेळ अनलोड, एवढंच मोजायचं. कोणीही हवा वापरत नसताना तो लोड घेतोय म्हणजे ती सगळी हवा गळतीत जातेय.

```
गळती % = लोड वेळ ÷ (लोड वेळ + अनलोड वेळ) × 100

आधी : 96 ÷ (96 + 144) × 100 = 40
नंतर : 68 ÷ (68 + 384) × 100 = 15
```

म्हणजे त्या एका कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ४० टक्के हवा नुसती गळत होती. दोन फिटर घेतले, साबणाचं पाणी घेतलं, लाइन चालत चालत प्रत्येक जॉइंट बघितला, गळतीला टॅग लावले. जास्त करून क्विक कपलर, जुने होज, फिल्टरचे बाऊल आणि अडकून उघडे राहिलेले ऑटो ड्रेन. चार आठवड्यांनी परत तीच टेस्ट केली, १५ टक्के आलं. चौथा कॉम्प्रेसर घेतला नाही, आणि तिसरा स्टँडबायवर गेला.

आता सांगा, ‘युटिलिटी, कॉस्ट रिडक्शन’ या दोन शब्दांत यातलं काय आलं होतं?

माझ्याकडे असा मोठा प्रसंग नाहीये. मग?

असतो, आपण त्याला मोठा मानत नाही एवढंच. आठवत नसेल तर जुनी ब्रेकडाउन रजिस्टरं बघा, जुने मेल बघा, किंवा ज्या फिटरबरोबर काम केलंय त्याला विचारा, ‘मिस्त्री, माझं कुठलं काम लक्षात आहे तुमच्या?’ मी हे दोघा-तिघांना करायला सांगितलं आणि दर वेळी मिस्त्रीने वेगळंच काहीतरी सांगितलं, जे साहेबांच्या डोक्यातच नव्हतं. एकाला तर मिस्त्री म्हणाला की तुम्ही शटडाउनच्या आदल्या दिवशी सगळे स्पेअर ट्रॉलीवर क्रमाने लावून ठेवायला लावलंत तेव्हापासून आम्ही वेळेत घरी जातो. ते त्याने अबाउटमध्ये घेतलं आणि तेच सगळ्यात चांगलं वाक्य झालं.

प्रसंग निवडताना फक्त एवढं बघा की तो तुम्हाला पुढे जे काम हवंय त्या दिशेचा आहे का. ज्याला एनर्जी किंवा युटिलिटीकडे जायचंय त्याने कॉम्प्रेसरचा घ्यावा. ज्याला प्लांट हेड व्हायचंय त्याने माणसांचा घ्यावा.

पहिली ओळ काय लिहू?

अबाउट उघडल्यावर सगळं दिसत नाही, सुरुवातीच्या तीन-चार ओळी दिसतात, मोबाइलवर त्याहून थोडं कमी, आणि पुढचं वाचायला ‘सी मोअर’ दाबावं लागतं. म्हणून वर्षांचा हिशोब पहिल्या ओळीत घालवू नका, तो हेडलाइनमध्ये आणि एक्सपिरियन्समध्ये दिसतोच.

मित्राने पहिली ओळ तीनदा बदलली. पहिल्यांदा ‘मी गेली १३ वर्षं मेंटेनन्समध्ये आहे’, बरोबर आहे पण पुढचं वाचावंसं वाटत नाही. दुसऱ्यांदा ‘मी कॉस्ट वाचवणारा इंजिनिअर आहे’, हे परत विशेषणाकडेच गेलं. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘चौथा कॉम्प्रेसर घ्यायचं जवळपास ठरलं होतं. मी चार आठवडे मागून घेतले.’ इथे आपोआप पुढचं वाचायला बोट जातं, कारण काय झालं ते कळायचं राहिलंय. ही ओळ त्याला सुचवावी लागली नाही, अर्धा तास बोलला तेव्हा त्याने पहिलं वाक्य हेच उच्चारलं होतं. म्हणून मी सांगतो, आधी कोणाला तरी तोंडी सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा, मग ऐकत लिहा.

आकडे लिहू का? कंपनीला चालेल का?

आकडे पाहिजेतच, पण आकडा एकटा सोडू नका, तो कशाचा आहे ते बरोबर लिहा. वरचंच बघा. ‘गळती ४० टक्क्यांवरून १५ वर आणली’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल पूर्ण प्लांटची ४० टक्के हवा गळत होती. ती टेस्ट एका कॉम्प्रेसरवर होती, म्हणून ‘एका कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ४० टक्के’. हे न लिहिता कोणी गेला आणि इंटरव्ह्यूला समोर युटिलिटीतला माणूस बसला, की पहिला प्रश्न तोच येणार. तसंच हवेची गळती ४० वरून १५ टक्क्यांवर आली म्हणजे विजेचं बिल २५ टक्क्यांनी कमी झालं असं अजिबात होत नाही, कारण कॉम्प्रेसर अनलोडवरही वीज खातो, आणि बिलात बाकीचा प्लांट पण असतो. मित्राच्या हातात विजेचा वेगळा मीटर नव्हता म्हणून त्याने विजेचा आकडा लिहिलाच नाही. मला हे फार आवडलं.

कंपनीचं म्हणाल तर टक्के, वेळ, मशीनची संख्या हे बहुतेक वेळा अडत नाही. पण गिऱ्हाइकाचं नाव, दर, मार्जिन, प्रॉडक्शनचा नेमका आकडा, लेआउटचे फोटो हे टाकू नका. ऑफर लेटरबरोबर गोपनीयतेचं काही सही केलं असेल तर ते आधी काढून वाचा, बऱ्याच जणांनी ते सही करताना वाचलेलंच नसतं. शंका असेल तर सरळ साहेबांना विचारायचं, ‘सर, हे एवढं लिहिलं तर चालेल का?’ मित्राने विचारलं, मालक म्हणाले लूमची संख्या नको, बाकी चालेल. म्हणून खालच्या मसुद्यात २४ हा आकडा दिसणार नाही.

पूर्ण मसुदा दाखवाल का?

हा घ्या, त्याचा शेवटचा मसुदा. त्याने आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत केला, इथे मराठीच देतोय.

> चौथा कॉम्प्रेसर घ्यायचं जवळपास ठरलं होतं. मी चार आठवडे मागून घेतले.
>
> मी सोलापुरात टेरी टॉवेलच्या युनिटमध्ये मेंटेनन्स सांभाळतो. एअरजेट लूमला हवा पुरत नव्हती आणि तिन्ही कॉम्प्रेसर चालू होते. सुट्टीच्या दिवशी लूम बंद ठेवून मी गळती मोजली, एका कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ४० टक्के निघाली. दोन फिटरांना घेऊन आम्ही पूर्ण लाइन तपासली आणि ती १५ टक्क्यांवर आणली. नवा कॉम्प्रेसर घ्यावा लागला नाही, जुन्यातला एक स्टँडबायवर गेला.
>
> त्यानंतर मी प्रेशर आणखी उतरवून बघितलं आणि ६ बारला रुंद लूमवर थांबण्याचं प्रमाण वाढलं, म्हणून परत ६.४ वर आणलं. कुठे थांबायचं हे मला त्यातून कळलं.
>
> १३ वर्षांत मी लूम, ह्युमिडिफिकेशन, बॉयलर आणि कॉम्प्रेसर या चारही ठिकाणी काम केलंय. आता माझा जास्त वेळ फिटरना बिघाड होण्याआधी ओळखायला शिकवण्यात जातो. पीएलसीचा प्रोग्राम वाचून मी दोष शोधू शकतो, नवीन प्रोग्राम लिहायला मला अजून मदत लागते.
>
> पुढे मला दोन-तीन प्लांटच्या युटिलिटीची जबाबदारी घ्यायची आहे. हवा, वाफ किंवा पाणी कुठे वाया जातंय असं वाटत असेल तर मला मेसेज करा, त्यावर बोलायला मला आवडतं.

बघा, ‘मी’ किती वेळा आलंय, पण कुठे टोचत नाही, कारण प्रत्येक ‘मी’च्या पुढे काहीतरी घडलंय. आणि लाइन तपासली तिथे बरोबर ‘आम्ही’ आहे.

चूक किंवा न येणारी गोष्ट कशाला लिहायची? उलट परिणाम नाही का होणार?

सहा बारची गोष्ट त्याने काढून टाकायची ठरवली होती, मीच ठेवायला लावली. त्या एका वाक्यामुळे मला कळतं की या माणसाने खरंच केलंय, कारण ज्याने फक्त वाचलंय तो ‘प्रेशर कमी केलं की वीज वाचते’ इथेच थांबतो. ज्याने केलंय त्याला माहिती असतं की रुंद लूमला धागा पलीकडे पोचवायला जास्त जोर लागतो आणि आधी तिथेच त्रास सुरू होतो.

मर्यादा मात्र पाळा. चूक अशी असावी की ती तुम्ही ओळखली आणि दुरुस्त केली. सेफ्टीची चूक, दुसऱ्या कोणाची चूक, जुन्या साहेबांशी झालेला वाद, यातलं काही अबाउटमध्ये नको. आणि पीएलसीसारखं एकच वाक्य पुरे, येत नसलेल्या गोष्टींची यादी करायची नाही. त्या वाक्यातही त्याने आधी काय येतं ते लिहिलंय आणि मग काय येत नाही ते, तो क्रम महत्त्वाचा आहे.

इंग्रजीत लिहू की मराठीत?

शोधणारे रिक्रूटर जास्त करून इंग्रजी शब्दांनी शोधतात म्हणून शेवटचा मजकूर इंग्रजीत ठेवा. पण पहिला खर्डा ज्या भाषेत तुम्ही शॉपफ्लोअरवर बोलता त्या भाषेत करा. आपल्या सोलापुरात ती कोणाची मराठी असते, कोणाची कन्नड, कोणाची तेलुगू, आणि बऱ्याच जणांची तिन्ही मिळून. डोक्यात इंग्रजी घेऊन बसलं की बोटातून थेट ‘आय अॅम अ रिझल्ट ओरिएंटेड’ निघतं, कारण तेवढंच इंग्रजी आपण बायोडाटात वाचलेलं असतं. मराठीत ‘मी निकालाभिमुख आहे’ असं कोणी बोलत नाही, त्यामुळे तिथे खरं काय ते सांगावंच लागतं.

इंग्रजीत करताना छोटी वाक्यं ठेवा आणि ‘आय’ गाळू नका. मराठीत ‘मोजली’, ‘लिहिलं’ म्हटलं तरी संदर्भाने कळतं, इंग्रजीत ‘आय’ गाळला की तो परत बायोडाटा होतो. आणि ‘वुई’ व ‘आय’ची वाटणी मराठीत केली तशीच्या तशी ठेवा, भाषांतर करताना सगळं ‘वुई’ होऊन जातं, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय.

किती लांब लिहायचं?

लिंक्डइन अबाउटला २,६०० कॅरेक्टर देतं, ते भरायलाच पाहिजेत असं नाही. दीडशे ते अडीचशे शब्द मला पुरेसे वाटतात. देवनागरीत लिहिणार असाल तर लक्षात ठेवा की काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळे वेगळे कॅरेक्टर मोजले जातात, ‘की’ हे दोन आणि ‘स्त्री’ हे सहा, त्यामुळे जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते.

सॉफ्टवेअर आणि मशीनची नावं कुठे टाकू? शोधताना सापडायला हवं ना.

सापडायला हवं, बरोबर आहे. पण ती वाक्यात येऊ द्या, जसं वर ह्युमिडिफिकेशन, बॉयलर, कॉम्प्रेसर, पीएलसी एकेका वाक्यात आलंय. बाकीची यादी स्किल्सच्या भागात टाका, आणि अबाउटच्या खाली पाच मुख्य स्किल्स दाखवायची सोय आहे ती वापरा. शेवटी वीस शब्द स्वल्पविराम देऊन चिकटवायची पद्धत मला पटत नाही, माणसाचं बोलणं चालू असताना मध्येच स्टोअरची इंडेंट वाचल्यासारखं होतं.

पुण्यातून सोलापूरला परत आलोय, मध्ये आठ महिने गॅप आहे. अबाउटमध्ये सांगू का?

एका वाक्यात, आणि ‘मी’ लावून. ‘२०२१ मध्ये वडिलांच्या आजारपणात मी पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरला आलो, आणि आठ महिन्यांनी इथे कामाला लागलो.’ झालं. ‘काही अपरिहार्य वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलं की वाचणारा नको ते अंदाज बांधतो. आजाराचं नाव, घरातलं सगळं सांगायची मात्र अजिबात गरज नाही, आणि सांगायचंच नसेल तर अबाउटमध्ये नाही लिहिलं तरी चालेल, एक्सपिरियन्समध्ये तारखा खऱ्या ठेवा म्हणजे झालं.

इथेच राहायचंय का परत जायची तयारी आहे, हे मात्र स्पष्ट लिहा. रोज हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन येणारे लोक मी बघितलेत, पण पुण्याचा रिक्रूटर सोलापूर वाचलं की हा येणार नाही असं धरून पुढे जातो. ‘पुणे चालेल, घर सोलापुरातच राहील’ असं एका ओळीत लिहिलं तर दोघांचाही वेळ वाचतो.

नोकरी शोधतोय हे अबाउटमध्ये लिहू का?

सध्या नोकरीत असाल तर नको. त्यासाठी ‘ओपन टू वर्क’ आहे, त्यात फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय असतो. त्यातही लिंक्डइन तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतं पण पूर्ण हमी देत नाही, तेवढी जोखीम समजून घ्या. अबाउटमध्ये मित्रासारखं ‘पुढे मला हे काम करायचंय’ एवढं लिहिलं की कळणाऱ्याला कळतं, आणि आत्ताच्या साहेबांनी वाचलं तरी त्यात वावगं काही नाही.

इमोजी, ठळक अक्षरं, फोन नंबर, छंद?

अबाउटमध्ये अक्षर ठळक करायची सोय नाही. बाहेरच्या साइटवरून जी ठळक दिसणारी अक्षरं आणून चिकटवतात ती खरं तर वेगळी गणिती चिन्हं असतात, स्क्रीन रीडर ती नीट वाचत नाही आणि शोधतानाही शब्द सापडत नाही. टाळा. फोन नंबर सगळ्यांना दिसेल असा टाकू नका, मेसेज पुरतो. छंद कामाशी जोडलेला असेल तर लिहा, नाहीतर सोडून द्या.

लिहून झालं, आता बरोबर झालंय का हे कसं कळणार?

मी दोन गोष्टी करायला लावतो. पहिली, मोठ्याने वाचा, घरात कोणीतरी ऐकत असताना. जिथे तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल ते वाक्य तुमचं नाही. मित्राने वाचलं तेव्हा त्याची बायको एका वाक्यावर म्हणाली, ‘अहो, असं तुम्ही कधी बोलता?’ ते ‘मी मनुष्यबळ विकासाला प्राधान्य देतो’ असं वाक्य होतं. त्याच्या जागी फिटरना शिकवण्यात वेळ जातो ते आलं.

दुसरी, प्रत्येक ‘मी’खाली पेन्सिलने रेघ मारा आणि त्यावर समोरचा तीन प्रश्न विचारेल असं धरून उत्तरं तयार आहेत का बघा. ‘मी गळती मोजली’, कशी मोजली, व्हॉल्व्ह उघडे होते का बंद, किती वेळ मोजलं? उत्तर तयार असेल तर वाक्य राहू द्या. आठवायला लागत असेल तर रजिस्टर काढून बघा. आणि रजिस्टरमध्येही सापडलं नाही तर ते वाक्य काढा, कितीही चांगलं दिसत असलं तरी.

किती दिवसांनी बदलायचं?

ठरावीक असं काही नाही. सांगायला याहून चांगला प्रसंग मिळाला की बदला. मित्राचं आता बॉयलरच्या कंडेन्सेट रिकव्हरीचं काम चालू आहे, तो म्हणतो ते झालं की कॉम्प्रेसर एका ओळीत आणायचा आणि पहिली ओळ नवीन लिहायची.